खंडेनवमीचा आकडा

सम्राटच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसमध्ये चिरडली त्याला आठवडा झाला होता, आणि यमाई प्रेसवर्क्समध्ये अजून एकही माणूस म्हणायला तयार नव्हता की मशीन थांबलं नाही. चूक सम्राटची, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यावर शिक्का मारायला मला बोलावलं होतं.

माझं नाव नीलम. राहते वरवंडला, आणि दौंडपासून शिरूरपर्यंतच्या कारखान्यांतले प्रेस तपासते. पत्रा कापायचा-वाकवायचा मोठा प्रेस चालू असताना मधे हात गेला तर तो किती वेळात थांबतो, हे मोजणं माझा धंदा. या धंद्यात माणूस गोड राहत नाही. मी तर मुळातच नव्हते.

पोचले तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर पोपटराव गेटवरच उभे होते. पन्नाशीचा, खडकासारखा माणूस, न्हावऱ्याकडची बागायत सांभाळून बावीस वर्षं कंपनीत. त्यांनी मला चहा विचारायच्या आधी मोबाइल पुढे केला.

"आधी हे बघा म्याडम. मंग मशीन बघा."

व्हिडिओत सम्राट होता. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, दवाखान्यातली कॉट, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यात. खालचा ओठ फुटून सुजलेला, एक डोळा मिटलेला. तो कॅमेऱ्याकडे न बघता म्हणत होता, "पडदा म्या बंद ठेवला व्हता. चूक माझी हाय." मागून कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं." त्यानं परत म्हटलं.

"बोटं गेली प्रेसमध्ये," मी म्हटलं. "ओठ कशानं फुटला?"

"पडला आसंल."

"कॉटवरून थेट कुणाच्या तरी मुठीवर?"

पोपटरावांच्या मागे त्यांचा पुतण्या दत्ता उभा होता, स्टोअर सांभाळणारा. त्याच्या उजव्या हाताची बोटं सोललेली होती आणि ती लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तिडकीनं प्रेस मोजता येत नाही, म्हणून मी आत गेले.

मशीन एकशेसाठ टनी. समोर दोन उभे पिवळे खांब, आणि त्यांच्या मधे डोळ्यांना न दिसणारे किरण. याला कामगार पडदा म्हणतात; स्विच फिरवला की तो बंद होतो. पायानं पेडल दाबलं की वरचा जड रॅम खाली येतो; तेवढ्यात कुणी हात पुढे केला की किरण तुटतो आणि मशीन ब्रेक मारतं. पण ब्रेक मारला म्हणजे थांबलं असं नव्हे. रॅम थोडा सरकतोच. त्या थोड्या वेळात हात डायपर्यंत, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापर्यंत, पोचता कामा नये, म्हणून पडदा तेवढा लांब लावायचा. माणूस गडबडीत सेकंदाला दोन मीटर हात टाकतो, असं आम्ही धरतो. म्हणजे मशीन थांबायला जितका जास्त वेळ घेतं, पडदा तितका लांब हवा. सगळा हिशोब एका आकड्यावर उभा असतो, आणि तो आकडा खोटा निघाला की हिशोब बोटांनी चुकता होतो.

पोपटरावांकडे दोन आकडे होते. ब्रेकचं लायनर, म्हणजे घासून पकड धरणारं अस्तर, झिजत आलं होतं म्हणून त्यांनी नवं बसवलं, दुसऱ्या कुणाकडचं. बदलायच्या आधी थांबायचा वेळ आला होता एकशे नव्वद. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले एकशे नव्वद. बदलल्यावर आला दीडशे.

"चाळीसनं सुधारलं," ते छाती काढून म्हणाले. "मंग पडदा चाळीस सेंटीमीटरवरनं बत्तीसवर आत घेतला. पोरांचं वाकणं वाचलं, काम वाढलं. आन् म्या काय एकदा मोजून गप बसलो न्हाई. धा येळा घेतलं. धाईच्या धाई येळा त्योच आकडा."

"आधीचं कधी मोजलं होतं?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिशी, सेकंड शिफ्ट सुटायच्या टायमाला."

"आणि नंतरचं?"

"खंडेनवमीला सकाळी. पूजा झाल्या झाल्या."

खंडेनवमीला आपल्याकडे सगळी हत्यारं, सगळी मशीनं बंद ठेवून पुजतात. कारखान्यात तर आदल्या रात्रीपासून तयारी. डाय उतरवायच्या, धुवायच्या, तेल पुसायचं, रंगाचा हात द्यायचा, झेंडूचा हार, लिंबू, नारळ. त्या सुट्टीतच यांनी लायनर बदललं होतं.

"म्हणजे सकाळी मशीन गार होतं. आणि वरची डाय?"

"डाय पूजेला खाली मांडली व्हती."

"आदल्या दिवशी मात्र दिवसभर चालून तापलेलं, आणि डाय चढवलेली."

"मशीन त्येच हाय की वो!"

"मशीन तेच. पण तुम्ही बदललं लायनर, बदलली डाय आणि बदलला ताप. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि सगळं श्रेय लायनरला दिलंत. दहा वेळा तोच आकडा आला, कारण दहा वेळा तीच चूक केलीत."

पोपटरावांचा चेहरा लाल झाला. "म्या बावीस वर्सं हितं हाय. त्यो पोरगा खोटं बोलतोय म्हनून सांगतोय तुमास्नी. दीडशेला मशीन थांबतं. मंग हात आत गेलाच कसा? पडदा बंद असल्याबिगर जाऊच शकत न्हाई!"

तेव्हा मला कळलं की हा माणूस फसवत नाही. फसवणारा परवडला असता. याचा त्या आकड्यावर गाभाऱ्यातल्या देवावर असावा तसा विश्वास होता, आणि त्या विश्वासानंच त्यानं दत्ताला दवाखान्यात पाठवलं होतं. सम्राट शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होता: पडदा चालू होता, पत्रा तिरका बसला, सरळ करायला हात गेला, मशीन थांबलं नाही. त्या एका वाक्यासाठी त्याला कॉटवर मारलं. आता ते वाक्य खरं की खोटं एवढंच मला ठरवायचं होतं. खोटं ठरलं तर तो आयुष्यभर स्वतःच्या हातानं स्वतःचा हात घालवलेला माणूस म्हणून राहणार होता.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मशीन रात्रभर गार होऊ द्या. डाय उतरवा. उद्या सकाळी आधी तुमचीच चाचणी, तुमच्याच पद्धतीनं. मग एका वेळी एकच गोष्ट बदलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॅमला माझ्या मीटरची तार बांधली. हातानं किरण तोडला तर दर वेळी क्षण पुढे-मागे होतो, म्हणून माझ्या पेटीत एक छोटी दांडी असते. रॅम खाली येताना दर वेळी त्याच जागी आला की ती स्वतः पडदा तोडते. मशीन गार, डाय नाही, नवं लायनर. दहा वेळा घेतलं. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एक्कावन्न, दीडशे, त्याच्याच आसपास. पोपटरावांचा आकडा जसाच्या तसा.

"आलं का?" ते ओरडले. टाळी वाजवली हो, खरंच टाळी वाजवली. "दत्ता! ऐकलं का? म्याडमनंबी दीडशेच काढलं!"

"अजून संपलं नाही. ही फक्त पहिली पायरी आहे."

पण दत्ता तोवर बाहेर पळाला होता. तो गेटवर जाऊन काय म्हणाला ते मला नंतर वॉचमननं सांगितलं. गेटसमोर सम्राटचा मोठा भाऊ नागसेन रोज येऊन उभा राहायचा. तोही प्रेसवरच काम करणारा, दुसऱ्या कंपनीत. भावाला मारलेलं त्यानं पाहिलं होतं, पोलिसांत गेला होता, तक्रार नंतर लिहून घेतो म्हणून दोनदा परत पाठवला गेला होता. दत्तानं त्याच्या तोंडासमोर बोट नाचवून सांगितलं, "भाईरनं तज्ञ आली, तिनंबी तुझ्या भावाला खोटारडा ठरवला. आता जा गावाकडं आन् त्येला दुसऱ्या हातानं भीक मागाय शिकव."

नागसेननं त्याचं डोकं गेटवर आपटलं. सुरक्षावाले धावले, काठ्या चालल्या, नागसेनची भुवई फुटली. त्याला रस्त्यावर ढकलून गेट लावून घेतलं. एक आकडा अर्धवट बाहेर गेला आणि दोन माणसांचं रक्त निघालं. मला हे माहीत असतं तर दत्ताला मी खुर्चीला बांधून ठेवला असता.

मी आत माझं काम करत होते. दुसरी पायरी: बाकी सगळं तेच, फक्त डाय चढवली. वरच्या डायचं वजन रॅमला लोंबतं, ब्रेकला ते पेलून थांबवायचं. दहा वेळा घेतलं. एकशे पंचाहत्तरच्या आसपास. पोपटरावांची टाळी थांबली, पण मान अजून ताठ होती.

"पंचवीस वाढलं. बत्तीस सेंटीमीटरला चालतंय की जवळपास."

"एकशे पंचाहत्तरला सदतीस सेंटीमीटर लागतात. चालत नाही. आणि अजून तापवायचं आहे."

तिसरी पायरी: तीच डाय, तेच लायनर, फक्त मशीन तापवायचं. पत्रा न घालता, आसपास कुणी न ठेवता आम्ही प्रेस एकेक ठोका चालवत राहिलो. प्रत्येक ठोक्याला ब्रेक लागतो, सुटतो, तापतो. ब्रेकच्या आवरणाचं तापमान मी मधेमधे बघत होते. ते वाढायचं थांबून एका जागी टिकल्याशिवाय मोजण्यात अर्थ नव्हता. दुपारची जेवणं झाली. शेडमध्ये जळक्या रबरासारखा वास पसरला. तापमान टिकलं तेव्हा मी तार तपासली, दांडी तपासली, आणि मोजलं.

दोनशे अडतीस. दोनशे एक्केचाळीस. दोनशे चाळीस.

दोनशे चाळीसला पडदा जवळजवळ अर्धा मीटर लांब हवा. तो होता बत्तीस सेंटीमीटरवर. महिनाभर त्या नेमक्या क्षणी कुणाचा हात आत गेला नाही, एवढ्याच नशिबावर हे मशीन चाललं होतं. सम्राटचा गेला.

"पोपटराव," मी म्हटलं, "इकडे या. हा आकडा वाचा."

त्यांनी वाचला. परत वाचला. मग म्हणाले, "मीटर बिघडला तुमचा."

मी उत्तर द्यायच्या आत शेडचं मागचं दार फुटलं.

नागसेन पुढे होता, भुवईवरचं रक्त वाळून गालावर चिकटलेलं, हातात लोखंडी पाइप. मागे दहा-बारा पोरं. रस्त्यावरून चाललेल्या ट्रॉलीतले ऊस उपसून आणले होते त्यांनी, काठ्यांसारखे धरून. कामगार मशीनं सोडून भिंतीला लागले. दत्ता आडवा आला, त्याच्या दंडावर पाइप बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. तो खाली पडून गुरासारखा ओरडायला लागला. पुढचा फटका पोपटरावांच्या तोंडावर. ते प्रेसच्या खांबाला धडकले, दोन दात जमिनीवर पडले.

"ह्याचा हात घाला!" नागसेन ओरडला. "मशीन थांबतंय ना? मंग घाल की! घाल तुझा हात!"

"थांबा!" मी मधे घुसले. एका पोरानं मला ढकलून दिलं, माझं कोपर टेबलावर आपटलं. "नागसेन, ऐका माझं! तुमचा भाऊ खरं—"

"तू गप! दीडशे काढणारी!"

पोपटरावांनी तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. आणि ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते बोलले. "घालतो. थांबतं त्ये. म्या रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी हात घालून दावतो पोरास्नी. एक दिस चुकलं न्हाई." आणि खरंच ते मशीनसमोर जाऊन उभे राहिले, उजवी बाही वर सारली.

रोज सकाळी! गार मशीनवर. मला रडू यावं की शिव्या द्याव्यात कळेना. नागसेननं पेडलवर पाय ठेवला. त्याला पेडल कसं चालवतात ते कुणी शिकवायला नको होतं.

मी एका पोराच्या हातातला ऊस हिसकावला आणि पोपटरावांच्या हातात कोंबला. "हात नंतर! आधी हा घाला. जसा हात घालता तसाच. थांबत असेल तर ऊस वाचेल ना? मग घाला हात, मी नाही अडवणार!"

नागसेननं माझ्याकडे बघितलं, मग पेडल दाबलं. पोपटरावांनी ऊस आत सारला, रॅम अजून वरच होता. तो डायच्या वीतभर वर थांबला. ऊस शाबूत.

"दिसलं?" पोपटराव रक्ताळल्या तोंडानं हसले. "दिसलं का सगळ्यांना?"

"एका वेळेनं काही ठरत नाही," मी म्हटलं. "तुम्ही फार लवकर घातलात. सम्राटचा हात रॅम अर्ध्यात आल्यावर गेला. तेव्हा घाला."

पुन्हा पेडल. रॅम अर्ध्यात. ऊस आत. खाडकन आवाज झाला, रस उडून पोपटरावांच्या छातीवर आला. उसाचं टोक चिपाड होऊन डायला चिकटलं होतं.

पोपटराव उसाकडे बघत राहिले.

"परत," नागसेन म्हणाला.

परत पेडल, परत खाडकन. ऊस एका पेरानं आखूड.

"परत."

आणि खरं सांगते, मलाही ते हवं होतं. प्रत्येक खाडकनला मला त्या व्हिडिओतला फुटलेला ओठ दिसत होता. मीटर चालूच होता. दर वेळी तोच दोनशे चाळीसचा आकडा. परत. परत. पोपटराव आता नाही म्हणत नव्हते, मागे सरत नव्हते. ताप आलेल्या माणसासारखे ते ऊस आत सारत होते आणि ऊस पेर-पेरानं संपत होता. त्यांची मूठ आणि पडदा यांत आता वीतभर अंतर राहिलं होतं. पोरांपैकी एकानं त्यांना दुसरा ऊस द्यायला हात पुढे केला, तर नागसेननं त्याला पाइपनं मागे सारलं.

"त्योच राहू दे. त्योच पुरा हू दे."

तेव्हा माझ्या डोक्यातला धूर उतरला. मी मेन स्विचकडे धावले नाही. तिथवर पोचायच्या आत दोन पेडल झाली असती. मी नागसेनसमोर उभी राहिले, इतकी जवळ की त्याच्या घामाचा वास आला.

"ही चाचणी बाद आहे," मी म्हटलं.

"काय?"

"ऊस आखूड झालाय. पहिला लांब होता, हा हातभरच उरलाय. एका चाचणीत एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. तुम्ही लांबी बदलत चाललात. पुढची मी धरणार नाही."

"धर न्हाईतर नको धरू! मला ह्याचा हात पायजे!"

"मग तुमच्या भावाचं काय?" माझा आवाज फाटला. "ह्याचा हात आत गेला की पोलीस मशीन सील करतील. माझी तार निघेल. जुन्या लायनरवरची चाचणी अजून बाकी आहे, ती कधीच होणार नाही. आणि या मशीनखाली दोन हात गेल्याचं दिसेल. एक म्हणतील पडदा बंद ठेवला म्हणून गेला, दुसरा म्हणतील भांडणात गेला. मशीन थांबत नाही, असं कुणीही म्हणणार नाही, नागसेन! कधीच! सम्राट खोटाच राहील. तुम्ही ठेवलेला खोटा!"

त्याचा पाय पेडलवर होता. मांडीचा स्नायू उडताना दिसत होता. पोपटराव ऊस आत सारायच्या तयारीत उभे, डोळे मिटून.

"जुन्यावर करायचं म्हंजी?" नागसेननं विचारलं, दात आवळून.

"तीच डाय, तोच ताप, तीच जागा. फक्त लायनर जुनं. तो आकडा या आकड्याशेजारी ठेवला की मग कुणाला तोंड उघडता येणार नाही."

"कवा?"

"उद्या."

त्यानं पाय काढला. पाइप टाकला नाही, पण तो जमिनीवर टेकवून त्यावरच ओणवा झाला आणि मोठ्यानं, लहान पोरासारखा रडायला लागला. मी मेन स्विच पाडला. मग मी तिथंच रसानं चिकट झालेल्या जमिनीवर बसले.

पोलीस आले. तक्रार लिहायला दोनदा वेळ नसलेले तेच पोलीस या वेळी जीप भरून आले. नागसेननं पळायचा प्रयत्न केला नाही. जीपमध्ये बसताना त्यानं मला एवढंच विचारलं, "उद्या नक्की ना, ताई?" मी हो म्हटलं. त्याला शिरूरला नेलं, दत्ताला दवाखान्यात. फौजदार मशीनलाही कुलूप लावायला निघाला होता. चौकशीची चाचणी अर्धी झाली आहे, ती मोडली तर तुम्हालाच उत्तर द्यावं लागेल, असं मी त्याला इतक्या वरच्या आवाजात सांगितलं की त्यानं कारखाने निरीक्षकांना फोन लावला आणि कुलूप खिशात ठेवलं.

रात्री मी वरवंडला गेले नाही. जुनं लायनर भंगारात गेलं असेल, ही एकच भीती होती.

सकाळी शेडमध्ये गेले तर पोपटराव आधीच तिथं. तोंड सुजून दुप्पट झालेलं, ओठाला टाके. त्यांनी भंगारच्या ढिगातून जुनं लायनर स्वतः हुडकून काढलं होतं, पुसलं होतं, आणि फिटरला घेऊन ब्रेक उघडून बसले होते. दुपारपर्यंत लायनर बसलं. तीच डाय. कालच्याइतकंच तापवलं, तापमान टिकेपर्यंत थांबलो. निरीक्षक खुर्ची टाकून समोर बसले होते.

एकशे ब्याण्णव. एकशे एकोणनव्वद. एकशे नव्वद.

नव्या लायनरची पकड गार असताना जुन्यापेक्षा बरी होती की नाही, हेही मी नंतर गार मशीनवर मोजलं. बरी होती, थोडी. तापल्यावर मात्र ते जुन्यापेक्षा पन्नासानं ढिलं पडत होतं. खंडेनवमीच्या सकाळी ते कुणालाही दिसलं नसतं, कारण खंडेनवमीला मशीन कुणी तापेपर्यंत चालवत नाही. कुणी आदल्या दिवसासारखंच तापवून, डाय चढवून एकदा मोजलं असतं, तर पडदा आत न जाता बाहेर गेला असता. एक दुपार गेली असती, बस.

पोपटराव आकडा बघून उठले. त्यांनी मोबाइल काढून फिटरच्या हातात दिला, म्हणाले, "काढ व्हिडिओ." बोबडं बोलत, थांबत थांबत त्यांनी सांगितलं की सम्राटनं पडदा बंद ठेवला नव्हता, मशीन थांबलं नाही, आणि त्याला मारायला माणूस मी पाठवला. निरीक्षकांनी ते परत म्हणायला लावलं, नीट कळावं म्हणून.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. सम्राट भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची आई, तानुबाई, पायथ्याशी बसलेली. मी ओळख सांगितली, खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं: गार मशीन, तापलेलं मशीन, दोन लायनरं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं.

"म्हंजी," तो म्हणाला, "पडदा चालू व्हता?"

मी त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत नाही का? तुम्हीच तर पहिल्यापासून सांगत होता."

"सांगत व्हतो." त्यानं मान माझ्याकडे वळवली. मिटलेला डोळा आता अर्धा उघडत होता. "पन पोपटराव साहेब म्हनलं, दीडशेला थांबतं, धा येळा मोजलंय. आसं रोज सांगाय लागले. मंग मलाबी वाटाय लागलं, म्याच केला आसंल बंद. इसरलो आसंल. व्हिडिओ काढायच्या आदल्या रातीच मला त्यो स्विच फिरवताना माझाच हात दिसाय लागला, ताई, डोळ्यापुढं. ह्यो हात." आणि त्यानं पांढरं गाठोडं उचललं.

तानुबाईनं पदर तोंडात कोंबला. त्या व्हिडिओतलं वाक्य मारानं काढलेलं आहे असं मी धरून चालले होते. ते मारानं निघालं नव्हतं. त्या आकड्यानं ते त्याच्या आत नेऊन ठेवलं होतं.

"तुम्ही नाही केला बंद," मी म्हटलं.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यानं आणखी एकदा विचारलं, मी आणखी एकदा सांगितलं, आणि तो ऐकता ऐकता झोपी जाईपर्यंत मी तिथंच बसून तेच सांगत राहिले.